शिफारस कोणाची? घरच्या वहीतला चौथा रकाना

प्लंबर, वायरमन, गवंडी, माळी, टँकरवाला, धुणीभांडी करणाऱ्या मावशी यांचे नंबर कुठेतरी टिपून ठेवलेले नाहीत असे घर मावळात शोधूनच काढावे लागेल. कुठे ते कॅलेंडरच्या मागच्या पानावर असतात, कुठे मीटरच्या पेटीच्या झाकणावर खडूने, कुठे दूधवाल्याच्या हिशेबाच्या वहीत शेवटी. या टिपणांत बहुधा दोनच गोष्टी सापडतात, नाव आणि नंबर. दर कधीमधी लिहिलेला असतो. हा माणूस आपल्याला कोणी सांगितला, ही नोंद मात्र क्वचितच असते. माझे म्हणणे असे आहे की वहीचे खरे मोल याच चौथ्या रकान्यात आहे. नंबर हरवला तर पुन्हा मिळतो आणि दर विचारता येतो, पण शिफारस कोणाची होती, कोणत्या कामावरून होती आणि केव्हाची होती हे एकदा विसरले की त्या नंबराबद्दल आपल्याला काहीच माहीत नसते. लोणावळा आणि त्याच्या आसपासचा मावळ यांत ही गोष्ट इतर ठिकाणांपेक्षा जास्त लागू पडते आणि त्याचे कारण पाऊस आहे.

लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. लोकलने मळवली, कामशेत, कान्हे, वडगाव करत तीस किलोमीटरवरच्या तळेगावला पोहोचेपर्यंत हाच पाऊस निम्म्याहूनही खाली येतो. म्हणजे एकाच तालुक्यात गच्चीच्या एकाच कामाची परीक्षा दोन ठिकाणी वेगळी होते. शिवाय तुंगार्ली, वलवण, खंडाळा इथल्या कितीतरी बंगल्यांचे मालक मुंबई-पुण्याला असतात आणि घर आठवडाभर केअरटेकरच्या भरवशावर बंद असते. काम बहुधा मार्च ते मे या कोरड्या दिवसांत होते, पैसे तेव्हाच चुकते होतात आणि काम कसे झाले हे कळायला जुलै उजाडावा लागतो. तोवर तो गवंडी दुसऱ्या साइटवर गेलेला असतो, आणि शनिवार-रविवारी मुसळधार पाऊस व पर्यटकांच्या गाड्या यांनी जुना हमरस्ता तुंबला की कामशेतचा माणूस इच्छा असूनही वेळेत पोहोचत नाही. अशा ठिकाणी माणूस निवडताना चूक झाली तर ती दुरुस्त करायची संधी एकदम पुढच्या उन्हाळ्यात मिळते.

पूर्वी गावाला अशा वहीची गरज नव्हती. मावळातल्या खेड्यांतही सुतार, लोहार, कुंभार, परीट हे बलुतेदार पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असत आणि मोबदला सुगीच्या वेळी धान्यात मिळे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली 'गावगाड्या'त या व्यवस्थेचे बारकावे मांडले आहेत. कोण कसे काम करतो हे सगळ्या गावाला ठाऊक असे, कारण त्याच सुताराने शेजाऱ्याचा नांगरही केलेला असे. पण ती व्यवस्था जातीने बांधलेली होती. निवडीचा अधिकार ना घेणाऱ्याला होता, ना काम करणाऱ्याला. तिच्याबद्दल हळहळण्याचे कारण नाही. तिच्या जागी जी रोख मजुरीची आणि मोकळ्या निवडीची पद्धत आली ती चांगलीच आहे. फक्त कोणाचे काम कसे आहे हे जे ज्ञान आधी गावभर पसरलेले असे, ते आता प्रत्येक घराने स्वतः जमवायचे आहे आणि लिहिले नाही तर ते टिकत नाही.

जमवायचे म्हणजे नेमके काय, हे समजण्यासाठी एक फरक ध्यानात घ्यावा लागतो. मायकेल डार्बी आणि एडी कार्नी या अर्थशास्त्रज्ञांनी १९७३ साली तो मांडला आणि दुरुस्तीची कामे हेच त्यांच्या विवेचनाचे मुख्य उदाहरण होते. काही वस्तूंचा दर्जा घेण्याआधीच दिसतो, जशी मंडईतली भाजी. काहींचा वापरल्यावर कळतो, जसा खाणावळीतला डबा. आणि काही सेवा अशा असतात की त्या घेतल्यावरही दर्जा गिऱ्हाइकाला समजत नाही. मोटरचे वाइंडिंग खरोखरच जळले होते की नुसता कपॅसिटर गेला होता? मोटर पुन्हा चालू झाली एवढेच आपल्याला दिसते. दोन्ही बाबतींत निकाल सारखाच दिसतो, बिल मात्र कितीतरी पटींनी वेगळे. घरदुरुस्तीची बरीचशी कामे या तिसऱ्या वर्गातली आहेत. म्हणून "आमचा वायरमन एकदम चांगला आहे" या वाक्याचा अर्थ लावताना आधी विचारायला हवे की सांगणाऱ्याला काय दिसू शकत होते. माणूस वेळेवर आला का, बोलल्याप्रमाणे पैसे घेतले का, काम झाल्यावर पसारा आवरला का, बिघाड परत आला तेव्हा फोन उचलला का, हे शेजाऱ्याला नक्की सांगता येते. आतली जोडणी सुरक्षित आहे का, हे त्याला सांगता येत नाही, आणि तो खोटे बोलतो म्हणून नव्हे तर त्याला ते दिसलेलेच नसते म्हणून.

याचे एक उदाहरण जवळून पाहू, कारण लोणावळ्याच्या पावसात ते हमखास घडते. मुख्य पेटीत आरसीसीबी नावाचा एक स्विच असतो. घरात फेजच्या तारेने जितका प्रवाह येतो तितकाच न्यूट्रलने परत जायला हवा. त्यातला थोडासा ओल्या भिंतीतून किंवा माणसाच्या अंगातून जमिनीत जाऊ लागला तर हा स्विच फरक ओळखून क्षणात वीज तोडतो. घरगुती वापरात तो बहुधा ३० मिलिअँपिअरचा असतो, कारण त्याहून जास्त प्रवाह अंगातून गेला तर जिवाला धोका असतो. जुलैत भिंती पाणी पितात, बाहेरच्या दिव्याच्या किंवा गच्चीवरच्या जोडपेटीत ओल शिरते आणि हा स्विच पुन्हा पुन्हा पडू लागतो. जाणता वायरमन आधी सगळे एमसीबी खाली करतो, आरसीसीबी वर करतो, मग एकेक एमसीबी चढवत कोणत्या सर्किटवर तो पडतो ते शोधतो, त्या सर्किटच्या तारांचे इन्सुलेशन मेगरने मोजतो आणि ओली पेटी किंवा तार बदलतो. याला दोन-तीन तास लागतात. दुसरा माणूस पाच मिनिटांत आरसीसीबी काढून त्या जागी साधा आयसोलेटर बसवतो किंवा तिच्या दोन्ही बाजूंच्या तारा परस्पर जोडून टाकतो. दिवे लागतात, स्विच पडायचा थांबतो, पैसेही कमी लागतात. घरमालक खूश होतो आणि मनापासून त्याची शिफारस करतो. ही शिफारस प्रामाणिक आहे आणि जीवघेणीही आहे.

हे ओळखता येते. आरसीसीबीवर 'टी' लिहिलेले एक छोटे बटण असते. ते दाबले की स्विच खाली पडला पाहिजे आणि त्यामागची घरातली वीजही गेली पाहिजे. स्विच पडला पण दिवा तसाच जळत राहिला तर तारा बाहेरून जोडलेल्या आहेत. पेटीत बटण असलेला स्विचच नसेल तर आरसीसीबी मुळात बसवलेली नाही किंवा काढून टाकलेली आहे. वीज असताना दाबायची एवढी एक चाचणी कोणालाही करता येते. पेटी मात्र स्वतः उघडायची नाही. वहीच्या दृष्टीने यातून निघते ते असे, की वायरमनच्या पानावर दोन वेगळ्या प्रकारचे पुरावे हवेत. एक शेजाऱ्याचा, वागणुकीबद्दलचा. दुसरा कागदाचा आणि चाचणीचा. राज्य शासनाकडून मिळणारे वायरमनचे परमिट किंवा विद्युत ठेकेदाराचा परवाना त्याच्याकडे आहे का, हे विचारून त्याचा क्रमांक लिहावा आणि काम झाल्यावर बटण दाबून पाहिले का, तेही. परवाना असला म्हणजे काम उत्तम असे नाही, आणि परवाना नसलेले हुशार हातही आहेत. पण घरातल्या वायरिंगच्या मोठ्या कामासाठी परवानाधारक ठेकेदार कायद्यानेच लागतो, आणि अपघात झाला तर प्रश्न पहिल्यांदा तिथूनच सुरू होतात.

आता शिफारस करणाऱ्यांकडे वळू. लोणावळ्यात माणूस सुचवणारे साधारण चार प्रकारचे असतात. शेजारी किंवा नातेवाईक, हार्डवेअरचा दुकानदार, बंगल्याचा केअरटेकर किंवा सोसायटीचा वॉचमन आणि दुसरा कारागीर. यातल्या प्रत्येकाला वेगळी गोष्ट दिसते आणि प्रत्येकाचा हितसंबंधही वेगळा असतो. दुकानदाराला ठाऊक असते की कोणता प्लंबर नेहमी भारी फिटिंग नेतो, कोण माल परत आणून देतो आणि कोणाची उधारी थकलेली आहे. ही माहिती शेजाऱ्याकडे नसते. पण त्या प्लंबरने त्याच्याच दुकानातून माल घ्यावा यात त्याचा फायदाही आहे. केअरटेकरला कोण हाकेसरशी येतो हे माहीत असते, मात्र काही ठिकाणी त्याला कामामागे कमिशन मिळते. कमिशन घेणे हा गुन्हा नाही, आणि त्याच्या तुटपुंज्या पगारात ते समजूनही घेता येते. तरी नोंद करताना ते ध्यानात असावे. मला सगळ्यात मोलाची वाटते ती कारागिराने दुसऱ्या धंद्यातल्या कारागिराबद्दल केलेली शिफारस. फरशी बसवणारा गवंडी प्लंबरचे काम फरशीखाली झाकण्याआधी पाहतो. पाइपला क्लॅम्प किती अंतरावर मारले आहेत, उतार बरोबर दिला आहे का, जोड घाईत चिकटवले आहेत का, हे त्याला दिसते. घरमालकाला ते पुन्हा कधीच दिसणार नसते. म्हणून प्लंबर शोधताना गवंड्याला विचारावे आणि वायरमन शोधताना मोटर वाइंडिंगवाल्याला.

शिफारशीबरोबर तारीख लागते, कारण इथे एकच प्रश्न निर्णायक ठरतो: त्या कामावरून पावसाळा गेला आहे का? जानेवारीत झालेल्या गच्चीच्या वॉटरप्रूफिंगबद्दल एप्रिलमध्ये कोणी कितीही तारीफ केली तरी ती फक्त माणसाच्या वागणुकीची तारीफ आहे. कामाची तारीफ ऑक्टोबरनंतरच करता येते. म्हणून छत, गच्ची, पत्रे, कौले, बाहेरची भिंत, पागोळीचे पाइप या कामांच्या पानावर कामाचा महिना आणि त्यानंतर गेलेले पावसाळे ही छोटी खूण ठेवावी. तळेगावच्या नातेवाइकाने सुचवलेला वॉटरप्रूफिंगवाला लोणावळ्यात बोलावताना तर ती अधिकच हवी. त्याचे काम तिथे दोन पावसाळे टिकलेही असेल, पण ते तिथले पावसाळे होते. याउलट नळ, फ्लश, गिझर, पंखा यांच्या कामाला पावसाळ्याची वाट पाहावी लागत नाही. महिनाभरात कळून येते.

पानावर कोणाचे नाव शोधायचे हेही बिघाडावर ठरते आणि इथे बरेच पैसे वाया जातात. भिंतीला ओल दिसली की घाईने प्लंबरला बोलावले जाते. ती ओल डिसेंबरात वाळून जुलैत परत येत असेल तर तो गच्चीचा किंवा बाहेरच्या भिंतीचा प्रश्न आहे आणि त्याला गवंडी किंवा वॉटरप्रूफिंगवाला लागतो. बाराही महिने कायम असेल तर आतल्या पाइपचा संशय घ्यावा. रात्री सगळे नळ बंद करून गच्चीवरच्या टाकीची पातळी आतून खूण करून ठेवावी, टाकीत भरणारे पाणीही बंद ठेवावे, आणि सकाळी पाहावी. पाणी न वापरता पातळी उतरली असेल तर प्लंबरचा नंबर लावावा. प्रत्येक नोंदीत 'काय बिघडले होते आणि शेवटी काय निघाले' अशी एक ओळ असली की पुढच्या वेळी चुकीच्या माणसाला मारलेली फेरी वाचते.

दराचा रकाना सोपा वाटतो, पण सर्वांत जास्त फसवतो तोच, कारण नुसता आकडा काहीच सांगत नाही. रंगाचे आणि वॉटरप्रूफिंगचे काम चौरस फुटावर ठरते, वायरिंग पॉइंटवर, खोदाई-भराई हजेरीवर आणि लहानसहान काम उक्ते. शिवाय माल कोणाचा हा प्रश्न असतोच. हिशेब कळावा म्हणून काल्पनिक आकडे घेऊ. गच्ची वीस बाय तीस फूट, म्हणजे सहाशे चौरस फूट. एक जण म्हणतो चाळीस रुपये फूट, माल तुमचा. दुसरा म्हणतो पंचाहत्तर रुपये, मालासहित. पहिला जवळजवळ निम्म्यात काम करून देतो असे वाटते. त्याची मजुरी चोवीस हजार झाली आणि सिमेंट, विटांचे तुकडे, रसायन, वाहतूक मिळून माल एकवीस हजार पाचशेचा आला तर एकूण साडेपंचेचाळीस हजार. दुसऱ्याचे पंचेचाळीस हजार. दोघे सारखेच. पण मोजणी करताना दुसरा कठड्याला आतून फूटभर वर चढवलेला थरही धरतो. गच्चीचा घेर शंभर फूट, म्हणजे आणखी शंभर चौरस फूट, आणि बिल साडेबावन्न हजारांवर जाते. हा थर फसवणुकीचा भाग नाही. तो असायलाच हवा, कारण गच्ची गळते ती बहुतेक वेळा मधोमध नाही, तर कठड्याच्या सांध्यातून. पहिल्याने तो मोजला नाही म्हणजे तो करणारच नाही का, हे बोलताना विचारलेच पाहिजे. जुना थर फोडला तर राडारोडा कोण उचलणार आणि बाहेरच्या भिंतीला परांची बांधायची तर तिचे पैसे कोणाकडे, हेही. म्हणून दर लिहिताना आकड्यापुढे एकक, माल कोणाचा, मोजणीत काय धरले आणि महिना-वर्ष एवढे हवेच. काम पूर्ण झाल्यावर गच्चीत चार-पाच इंच पाणी दोन-तीन दिवस भरून ठेवून खाली छताला ओल येते का, हे पाहण्याची अट आधी घातली असेल तर तीही त्याच ओळीत लिहावी.

अशी एखादी नोंद प्रत्यक्षात कशी दिसेल? "प्लंबर, कामशेत. नंबर. टाकीचा फ्लोट व्हॉल्व्ह व दोन नळ बदलले, मे. मजुरी उक्ती, माल आपला, बिल चिकटवले आहे. कळवले: फरशीवाल्या गवंड्याने, त्यांनी वडगावला एकत्र काम केले आहे. सांगितल्या दिवशी आला नाही, दुसऱ्या दिवशी फोन करून आला. जुलैत नळ गळला, पैसे न घेता वायसर बदलून दिला. रविवारी येत नाही." एवढ्या सात-आठ ओळींतून जे कळते ते पाच चांदण्यांच्या गुणांकनातून कळणार नाही. शेवटचे तीन मुद्दे तर फक्त काळ गेल्यावरच लिहिता येतात, म्हणून प्रत्येक नावाखाली अर्धे पान मोकळे सोडावे.

फोनमध्ये सगळे असताना वही कशाला, हा आक्षेप मला गंभीरपणे घ्यावासा वाटतो, कारण नंबरापुरता तो खरा आहे. पण फोनमध्ये 'राजू प्लंबर', 'राजू प्लंबर २', 'प्लंबर नवीन' अशी नावे साठतात आणि कोणी कोणता सांगितला हे वर्षभरात पुसले जाते. शिवाय फोन एकाच माणसाच्या खिशात असतो. बंगल्यावर आईवडील किंवा केअरटेकर असतो आणि पुण्यातल्या मुलाचा फोन लागत नाही तेव्हा वही घरातच असते. हवे तर तीच नोंद संगणकावर ठेवा, पण छापून एक प्रत मीटरजवळ असू द्या. तिच्या पहिल्या पानावर महावितरणचा १२ आकडी ग्राहक क्रमांक, तक्रारीसाठी १९१२, आणि पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह व मुख्य स्विच कुठे आहे हे लिहिलेले असावे, कारण रात्री पाइप फुटला तर प्लंबर येईपर्यंत हे पानच कामाला येते. सोसायटीच्या ग्रुपवर विचारले की लगेच दहा नंबर मिळतात, असेही म्हटले जाते. मिळतात खरे. पण निकडीच्या वेळी जो सर्वांत आधी उत्तर देतो त्याचे ऐकले जाते आणि त्याला तो माणूस कोणत्या कामावरून माहीत आहे हे कोणी विचारत नाही. तिथे मिळालेला नंबर वहीत जरूर घ्यावा, फक्त शेजारी सांगणाऱ्याचे नाव आणि 'स्वतः काम करून घेतले की नुसते ऐकले' ही खूण असावी.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. सगळे जण ओळखीच्याच शिफारशीवर चालले तर नव्या माणसाला काम कसे मिळणार? परप्रांतातून किंवा मराठवाड्यातून येऊन कामशेत-वडगावला राहणाऱ्या तरुण कारागिराची इथे कोणीच हमी देणार नसते. आणि ओळखीचे वर्तुळ स्वतःचेही नुकसान करते, कारण एकाच गल्लीतले सगळे जण त्याच दोन माणसांना बोलावत राहतात. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी, तेही योगायोगाने १९७३ सालीच, दाखवून दिले की नवी माहिती जवळच्या मित्रांपेक्षा तोंडओळखीच्या लोकांकडून जास्त येते, कारण जवळच्यांना आपल्याला माहीत असलेलेच माहीत असते. म्हणून प्रत्येक कामाच्या पानावर निदान एक नाव आपल्या वर्तुळाबाहेरचे असावे आणि त्याला आधी असे काम द्यावे की जे बिघडले तरी छत गळणार नाही: एखादा नळ, एखादा स्विचबोर्ड, कुंपणाचा कोपरा. चांगले झाले तर पुढच्या नोंदीत शिफारस करणाऱ्याच्या जागी आपलेच नाव येते. आयटीआयमधून दोन वर्षांचा वायरमन किंवा इलेक्ट्रिशियनचा अभ्यासक्रम करून बाहेर पडलेल्या मुलाला ओळख नसली तरी प्रमाणपत्र असते. ते पाहून काम देणे हीही एक शिफारसच आहे.

तिसरा प्रश्न नैतिक आहे. गरीब माणसाच्या चुकांची वही ठेवायची आणि त्याच्याकडे आपली नोंद नसायची, यात एकतर्फीपणा आहे. तो कमी करायचा तर आपल्या बाजूच्या गोष्टीही त्याच पानावर हव्यात. पैसे कोणत्या तारखेला दिले, बाकी किती ठेवली आणि का, उचल किती दिली. मागच्या वर्षीचा दर दाखवून घासाघीस करण्यासाठी ही वही वापरू नये. दर वाढतातच आणि कारागिराने पेट्रोल घालून यायचे असते. घरकामाच्या ताईंच्या पानावर पगार, शेवटची वाढ कधी झाली, ठरलेल्या सुट्ट्या, दिवाळीचा बोनस हे लिहिलेले असले की दोन्हीकडचे गैरसमज टळतात. घरेलू कामगारांसाठी राज्याने २००८ साली कल्याण मंडळाचा कायदा केला आहे आणि तिथे त्यांची नोंदणी झाली आहे का, हेही त्यांना विचारावे. जात, घरची भांडणे, कोणाचे व्यसन असली कुजबूज वहीत येऊ देऊ नये आणि कोणाचा नंबर दुसऱ्याला देण्याआधी त्याला विचारावे.

एका पानावर माणसाचे नाव असूच नये, ते पान सेप्टिक टँकचे. लोणावळ्यातल्या बऱ्याच बंगल्यांना स्वतःची टाकी आहे आणि ती भरली की 'एक जण आहे, उतरून साफ करतो' अशी शिफारस अजूनही कानावर येते. टाकीत साठलेल्या वायूंनी माणूस काही क्षणांत बेशुद्ध पडतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही दगावतो. २०१३ च्या कायद्याने संरक्षणाशिवाय असे काम करून घेण्यास बंदी आहे. ती खासगी घरमालकालाही लागू आहे आणि पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. त्या पानावर मैला उपसणाऱ्या गाडीचा नंबर, तिच्या टाकीत किती लिटर मावते, खेपेचा दर, पाइप किती फूट लांब पोहोचतो आणि गेल्या खेपेची तारीख एवढेच असावे. दर कितीही कमी सांगितला तरी माणूस उतरवणाऱ्याचे नाव तिथे लिहू नये.

वही वर्षातून दोनदा उघडावी. एकदा मेच्या मध्यात, मृग लागायच्या आधी, जेव्हा कौले, पत्रे, गच्ची, पन्हळी यांची कामे उरकायला अजून दिवस हातात असतात. दुसऱ्यांदा दिवाळीच्या सुमारास, जेव्हा काय गळले आणि काय टिकले ते भिंतीवर दिसत असते. त्या दुसऱ्या वेळी आणखी एक फोन करा, ज्याने तो माणूस सुचवला होता त्याला. काम कसे निघाले हे सांगा, चांगले असो वा वाईट. त्यालाही ते ठाऊक नसते, आणि तुमच्यानंतर त्याला विचारणारा पुढचा माणूस तुमच्याच गल्लीतला असण्याची शक्यता मोठी आहे.